आठ टक्के, पाच टक्के आणि ‘मी’

“मी एक अत्यंत मेहनती, ध्येयवेडी आणि झपाट्याने शिकणारी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. नेतृत्वगुण, उत्तम संवादकौशल्य आणि अडचणीतून मार्ग काढण्याची हातोटी ही माझी बलस्थानं आहेत. एका नामवंत फाउंड्रीतल्या इंटर्नशिपमध्ये मी रिजेक्शन ३८ टक्क्यांनी कमी केलं. सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, अँसिस, मॅटलॅब आणि पायथन यांत मी तज्ज्ञ आहे. माझ्या ज्ञानाला वाव देणाऱ्या प्रतिष्ठित कंपनीत आव्हानात्मक संधीच्या शोधात आहे.”

नुकतीच पदवी हातात पडलेल्या मुलामुलींच्या लिंक्डइन प्रोफाइलवर, About या चौकटीत, असा मजकूर सर्रास दिसतो. तो अर्थातच इंग्रजीत असतो. आपल्याला त्यातला आशय तपासायचा आहे म्हणून इथे मराठीत मांडला आहे. उदाहरणासाठी अशी धरू की हा मजकूर कोल्हापूरकडच्या एका मुलीचा आहे. तिने शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सहा आठवडे इंटर्नशिप केली आणि आता तिला नोकरी हवी आहे. फाउंड्री कोल्हापूरच्या रोजच्या ओळखीची असल्यामुळे हे उदाहरण दूरचं नाही.

या मुलीला कुणी म्हणालं की “हे फार फुशारकीचं वाटतं”, तर ती काय करेल? बहुतेक जणी दुसऱ्या टोकाला जातात. “मी फ्रेशर आहे. फाउंड्रीत थोडंफार शिकायला मिळालं. सॉलिडवर्क्सचं प्राथमिक ज्ञान आहे. संधी मिळाल्यास आभारी राहीन.” स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यामुळे हा दुसरा मजकूर लिहिताना मनाला बरंही वाटतं. पण भरती करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही. पहिला वाचून तिने फाउंड्रीत नेमकं काय केलं हे कळत नाही, आणि दुसरा वाचूनही कळत नाही. पहिल्यात विशेषणांनी जागा भरली आहे, दुसऱ्यात संकोचाने. काम दोन्हींतून गायब आहे.

म्हणून मजकुराची भाषा बदलण्याआधी त्यामागचं काम बाहेर काढावं लागतं. ही पायरी मुलं गाळतात, आणि पुढचं सगळं इथेच बिघडतं. यासाठी समोर बसून प्रश्न विचारणारं एक माणूस हवं. मोठी बहीण, कॉलेजमधले सर किंवा एखादा नोकरीला लागलेला मित्रही चालेल. प्रश्न साधे ठेवायचे. तू कोणत्या भागावर काम केलंस? रोज सकाळी गेल्यावर हातात काय घ्यायचीस? कशाची नोंद ठेवायचीस? निर्णय कुणी घेतला? आकडा कुठून आला?

आपल्या मुलीला हे विचारलं तर असं काही बाहेर येईल. फाउंड्रीत ग्रे आयर्नच्या व्हॉल्व्ह बॉडीचं काम चालू होतं. पहिल्या दोन आठवड्यांत त्या भागाची १,१५० कास्टिंग ओतली गेली आणि त्यातली ९२ नाकारली गेली, म्हणजे ८ टक्के. सुपरवायझर सरांनी तिला सांगितलं की नाकारलेला प्रत्येक नग हातात घेऊन बघ आणि कोणत्या दोषामुळे गेला ते वहीत लिही. तिने लिहिलं. ९२ पैकी ४१ नगांत ब्लोहोल निघाले, म्हणजे वितळलेल्या धातूत वायू अडकून राहिलेली पोकळ छिद्रं. बाकीचे नग वाळू अडकल्यामुळे, साच्याचे दोन भाग सरकल्यामुळे आणि इतर किरकोळ कारणांनी गेले होते.

ब्लोहोलची कारणं अनेक असतात, पण साच्याच्या वाळूत गरजेपेक्षा जास्त पाणी हे त्यातलं नेहमीचं. तापलेला धातू आत आला की पाण्याची वाफ होते, आणि ती वाळूतून बाहेर पडू शकली नाही तर धातूत शिरते. ग्रीन सँडमध्ये ओलावा साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास राखतात. तिने वाळूचा ओलावा तासातासाला मोजायला सुरुवात केली. त्यासाठी छोटं बंद भांडं वापरतात. त्यात वजन केलेली वाळू आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड घालून हलवायची. पाण्याशी संयोग होऊन वायू तयार होतो आणि त्याचा दाब काट्यावर ओलाव्याचा आकडा दाखवतो. पहिल्या शिफ्टमध्ये आकडे ठीक होते. दुसऱ्या शिफ्टमध्ये ते वारंवार साडेचारच्या पुढे जात होते. दिवसभर वापरून परत येणारी वाळू संध्याकाळपर्यंत गरम झालेली असायची, तिच्यातलं पाणी पटकन उडायचं आणि मिक्सरवरचा कामगार हाताच्या अंदाजाने जास्तीचं पाणी घालायचा.

तिने तक्ता सरांना दाखवला. सरांनी दुसऱ्या शिफ्टमध्ये ओलावा किती वेळा तपासायचा ते वाढवलं आणि त्याच आठवड्यात पॅटर्नवर वायू बाहेर जाण्यासाठी दोन व्हेंटही वाढवले. नंतरच्या दोन आठवड्यांत १,२०० पैकी ६० नग नाकारले गेले, म्हणजे ५ टक्के. त्यात ब्लोहोलचे १७.

हे सगळं ऐकल्यावर पहिल्या मजकुरातलं “मी रिजेक्शन ३८ टक्क्यांनी कमी केलं” हे वाक्य पुन्हा वाचावं. ८ वरून ५ वर येणं म्हणजे मूळ आठच्या तुलनेत साडेसदतीस टक्क्यांची घट. हिशेब चुकीचा नाही, तरी वाक्य खोटं पडतं, आणि तेही तीन ठिकाणी. ते एका भागाबद्दलचं होतं, पण वाचणाऱ्याला अख्ख्या फाउंड्रीचं वाटतं. ते दोन आठवड्यांपुरतं होतं, पण कायमचं वाटतं. आणि ‘मी कमी केलं’ यात सरांचा निर्णय, व्हेंट वाढवणारे पॅटर्नमेकर आणि मिक्सरवरचा कामगार सगळे नाहीसे झाले. शिवाय ओलाव्याची तपासणी आणि व्हेंट हे दोन बदल एकाच वेळी झाले, त्यामुळे घट नेमकी कशामुळे झाली हे तिला किंवा सरांना कुणालाच वेगळं करून सांगता येणार नाही. मुलाखत घेणारा फाउंड्रीतला असेल तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल.

पण याच हकिगतीत तिचं स्वतःचं असं काय आहे तेही बघा. दोषांची वर्गवारी तिने केली. तासातासाचे आकडे तिने घेतले. दुसऱ्या शिफ्टमधली वाढ आधी कुणाच्या कागदावर नव्हती, ती तिच्या वहीत दिसली. हे तीनही दावे ती निःसंकोच करू शकते, कारण त्यातला एकही दुसऱ्या कुणाचा नाही. आत्मविश्वासाचा मजकूर लिहिण्याची माझ्या मते एकच खात्रीची वाट आहे: क्रियापद आपल्या हातून घडलेल्या कामाचं घ्यायचं आणि परिणाम ज्यांच्यामुळे झाला त्यांच्यासकट सांगायचा. ‘मोजलं’, ‘नोंदवलं’, ‘तुलना केली’, ‘दाखवलं’ या क्रियापदांत नम्रताही आहे आणि वजनही. ‘कायापालट केला’, ‘क्रांती घडवली’, ‘नेतृत्व केलं’ यांना सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपचा आधार पुरत नाही. दुसऱ्या टोकाला ‘मदत केली’ आणि ‘सहभागी होते’ हेही टाळावं, कारण मदत म्हणजे नेमकं काय केलं ते त्यातून कळत नाही. अडचणीत सापडलेली मुलं याच दोन क्रियापदांचा आडोसा घेतात.

इथे आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे मार्गदर्शन करणारे लोकही क्वचित लक्ष देतात. ८ टक्के, ५ टक्के, ९२, ६० हे आकडे फाउंड्रीचे आहेत. एखाद्या भागाचं रिजेक्शन किती हे ग्राहकाशी दर ठरवताना नाजूक ठरू शकतं, आणि लिंक्डइन हे सगळ्यांना दिसणारं पान आहे. इंटर्नशिपच्या पत्रात गोपनीयतेची अट असते, ती पुन्हा वाचावी. अट नसली तरी सरांना एक फोन करून विचारावं: “सर, हे असं लिहिलं तर चालेल ना?” बहुतेक वेळा उत्तर येतं की आकडे नको, कंपनीचं आणि ग्राहकाच्या भागाचं नाव नको, बाकी लिही. मग ‘८ वरून ५’ ऐवजी ‘ब्लोहोलचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं’ असं लिहिता येतं. ४१ वरून १७, तेही थोड्या जास्त नगांमध्ये, म्हणजे हे वाक्य हिशेबाने खरं आहे. या फोनचा दुसराही उपयोग होतो. मजकूर सरांनी आधीच वाचलेला असल्यामुळे पुढे कुणी त्यांच्याकडे चौकशी केली तर दोघांचं बोलणं जुळतं.

आता कौशल्यांची ओळ. पाच सॉफ्टवेअरांत ‘तज्ज्ञ’ असल्याचा दावा हा अनुभवी माणसाला सगळ्यांत आधी खटकतो, कारण पाचांमध्ये तज्ज्ञ व्हायला जेवढी वर्षं लागतात तेवढी तिची नोकरीही झालेली नाही. इथे विशेषणाऐवजी वापर सांगावा. आपल्या मुलीने शेवटच्या वर्षी चौघांच्या गटात हळद पॉलिश करणाऱ्या छोट्या ड्रमचा प्रकल्प केला. त्यात शाफ्टचा हिशेब, बेअरिंगची निवड आणि सॉलिडवर्क्समधली सगळी ड्रॉइंग तिच्याकडे होती. पहिल्या चाचणीत ड्रम भरल्यावर थरथरायला लागला. दोन्ही बेअरिंग एका रेषेत नव्हते, म्हणून बैठक बदलून ड्रॉइंग नव्याने काढावी लागली. ‘सॉलिडवर्क्समध्ये तज्ज्ञ’ यापेक्षा हा प्रसंग कितीतरी जास्त सांगतो. अँसिस तिने एका विषयाच्या प्रॅक्टिकलपुरतं वापरलं आहे, तर तेवढंच लिहावं. मॅटलॅब आणि पायथन आता तिच्या हाताखाली नाहीत, म्हणून ते काढून टाकावेत. अशी कात्री लावल्यावर मुलं घाबरतात की आपलं प्रोफाइल रिकामं दिसेल. पण भरती करणारे कौशल्याचा शब्द टाकून शोध घेतात, आणि त्यासाठी प्रोफाइलवर Skills हा वेगळा विभाग आहेच. About मध्ये पुन्हा यादी देण्याऐवजी त्यातलं एखादं कौशल्य कामात कसं उपयोगी पडलं ते दाखवावं.

जागेचाही विचार करावा लागतो. About मध्ये २,६०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण वाचणाऱ्याला सुरुवातीला फक्त पहिल्या काही ओळी दिसतात. पुढचं वाचायला see more दाबावं लागतं आणि फोनवर तर दिसणारा भाग आणखी लहान असतो. ‘मेहनती, ध्येयवेडी’ या शब्दांनी हीच जागा खर्च होते. तिथे तू कोण आहेस, कोणतं काम केलं आहेस आणि तसलं कोणतं काम तुला हवं आहे एवढं आलं तर पुढचा मजकूर उघडला जाण्याची शक्यता वाढते. नावाखाली येणाऱ्या Headline ला २२० अक्षरांची मर्यादा आहे. बहुतेक मुलं तिथे कॉलेजचं नाव किंवा ‘संधीच्या शोधात’ असं ठेवतात. आपल्या मुलीने तिथे ‘मेकॅनिकल इंजिनिअर, कास्टिंग क्वालिटी आणि प्रोसेस’ असं लिहिलं तर शोधणाऱ्याला तीन शब्दांत दिशा कळते. ती अजून नोकरीत नाही हे लपत नाही, कारण खाली अनुभवाच्या विभागात इंटर्नशिप तिच्या तारखांसह दिसतेच.

हे सगळं एकत्र केल्यावर नवा मजकूर असा होतो:

“मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवीधर आहे. कास्टिंगमधले दोष मोजणं आणि त्यांची कारणं मोल्डिंग लाइनवर जाऊन शोधणं हे काम मी इंटर्नशिपमध्ये केलं आणि याच क्षेत्रात पुढे काम करायचं आहे.

कोल्हापूरच्या एका ग्रे आयर्न फाउंड्रीत मी सहा आठवडे होते. एका भागाचे नाकारलेले नग मी रोज दोषानुसार वेगळे केले. सर्वांत मोठा वाटा ब्लोहोलचा निघाला. त्यानंतर वाळूतला ओलावा दोन्ही शिफ्टमध्ये तासातासाला मोजला. दुसऱ्या शिफ्टमध्ये तो मर्यादेबाहेर जात होता. हे आकडे पाहून सुपरवायझरनी तपासणीच्या वेळा वाढवल्या, त्याच आठवड्यात पॅटर्नवर व्हेंटही वाढवले, आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्या भागातल्या ब्लोहोलचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं.

शेवटच्या वर्षी चौघांच्या गटाने हळद पॉलिश करणारा छोटा ड्रम बनवला. शाफ्ट, बेअरिंग आणि सॉलिडवर्क्समधली ड्रॉइंग माझ्याकडे होती. पहिल्या चाचणीत ड्रम थरथरला. बेअरिंगची बैठक बदलून तो नीट चालवला.

क्वालिटी किंवा प्रोसेस इंजिनिअर म्हणून फाउंड्रीत किंवा मशीनिंगमध्ये काम हवं आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव किंवा पुणे इथे येऊ शकते. दोन्ही शिफ्टची तयारी आहे.”

या मजकुरात एकही विशेषण तिच्या स्वभावाबद्दल नाही, तरी वाचणाऱ्याला मुलगी चिकाटीची वाटते. तासातासाला ओलावा मोजणारी व्यक्ती आळशी असू शकत नाही हे त्याला आपोआप कळतं. ‘संघभावना’ लिहिलेलं नाही; ‘सुपरवायझरनी’ आणि ‘चौघांच्या गटाने’ या दोन शब्दांत ती आली आहे. ‘त्याच आठवड्यात व्हेंटही वाढवले’ हे अर्धं वाक्य मुलांना गाळावंसं वाटतं, कारण त्याने श्रेय वाटलं जातं. मी ते मुद्दाम ठेवीन. दोन बदल एकत्र झाले होते हे जिला ठाऊक आहे आणि जी ते सांगते, तिच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. क्वालिटीच्या कामात माणसाला घेताना नेमकं हेच पाहिलं जातं.

शेवटचा परिच्छेद छोटा असला तरी महत्त्वाचा. ‘प्रतिष्ठित कंपनीत आव्हानात्मक संधी’ हे वाक्य कुठल्याही मुलाच्या प्रोफाइलवर बसतं, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नाही. कोणतं काम, कोणतं गाव, कोणती शिफ्ट हे लिहिल्याने काही संधी गळतील अशी भीती असते, आणि त्या गळतातही. पण ज्या फाउंड्रीला दुसऱ्या शिफ्टसाठी माणूस हवा आहे तिच्या दृष्टीने ही एक ओळ बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोलाची असते. शिफ्टची तयारी खरोखर असेल तरच ती लिहावी. घरी विचारून, येण्याजाण्याची सोय बघून.

मजकूर झाल्यावर तो तपासण्याच्या दोन कसोट्या मी सुचवीन. एक म्हणजे प्रत्येक वाक्यावर पाच मिनिटं बोलता येतं का. ‘दुसऱ्या शिफ्टमध्ये ओलावा मर्यादेबाहेर जात होता’ या वाक्यावर कुणी विचारलं की का जात होता, मर्यादा किती होती, किती ग्रॅम वाळू घेत होतीस, कार्बाइडची पूड जुनी झाली असेल तर आकड्यावर काय परिणाम होईल, तर तिच्याकडे उत्तर हवं. नसेल तर वाक्य बारीक करावं किंवा जाऊन उत्तर शोधावं. फाउंड्रीतले सर फोन उचलतात. दुसरी कसोटी म्हणजे त्याच सरांनी आणि प्रकल्पातल्या तिघा मित्रांनी हे पान वाचलं तर कुणाच्या कपाळावर आठी पडेल का. बायोडेटा फक्त कंपनीकडे जातो, पण हे पान सगळे बघतात. गटातल्या दुसऱ्याने ज्या वेल्डिंगसाठी रात्र जागवली ते जर ‘मी’ म्हणून आलं तर पहिली नाराजी तिथूनच येईल.

एक अडचण मात्र या पद्धतीने सुटत नाही. ज्यांची इंटर्नशिप कागदावरच झाली, म्हणजे प्रमाणपत्र मिळालं पण लाइनवर कुणी उभंच राहू दिलं नाही, त्यांच्याकडे सांगायला हकिगत नसते. अशी मुलं बरीच आहेत आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी प्रमाणपत्राला फुगवून तीन ओळींची कर्तबगारी रचू नये. पहिल्याच प्रश्नाला ती कोसळते. त्याऐवजी प्रकल्पाचा परिच्छेद मोठा करावा. प्रकल्पही विकत आणलेला असेल, तर नोकरी शोधतानाच एखादं खरं काम हाती घ्यावं. गावातल्या वर्कशॉपमध्ये एखाद्या मोडलेल्या भागाचं मोजमाप घेऊन त्याचं ड्रॉइंग करून देणं, किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बंद यंत्राचा बिघाड शोधून तो लिहून काढणं. महिन्याभरात असं एक काम होतं आणि त्याचा चार वाक्यांचा परिच्छेद खरा असतो.

नोकरी लागल्यावर हा मजकूर तसाच ठेवू नये. सहा महिन्यांनी फाउंड्रीतल्या इंटर्नशिपचा परिच्छेद दोन वाक्यांवर आणावा, हळदीच्या ड्रमला एक वाक्य ठेवावं आणि वर नव्या कामाला जागा करावी. तिथेही आधी हाच प्रश्न विचारायचा: यातलं माझ्या हातून काय झालं, आणि ते मला कुणाच्या परवानगीने लिहिता येईल.